अण्णांच्या झोपेचा हिशेब

चहा आणि कॉफी झोप उडवितात, हे आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. म्हणूनच परीक्षेच्या दिवसांत जागरण करणारा विद्यार्थी चहा मागतो आणि झोप न येणारा वृद्ध मनुष्य प्रथम चहा सोडतो. परंतु झोप उडविणारे ते द्रव्य काही चहाच्या किटलीतच राहत नाही. ते निरनिराळे वेष घेऊन आपल्या घरात वावरत असते आणि वेष बदलल्यामुळे आपण त्याला ओळखत नाही.

या द्रव्याचे नाव कॅफीन. रुंगे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८१९ साली ते कॉफीच्या बियांतून वेगळे काढले. पुढे १८२७ साली चहाच्या पानांतही असेच एक द्रव्य सापडले. ते निराळे आहे असे समजून त्याला ‘थेईन’ असे निराळे नाव देण्यात आले. काही वर्षांनी सिद्ध झाले की, ही दोन द्रव्ये नसून एकाच द्रव्याची दोन नावे आहेत. शास्त्रज्ञांनाही ज्याने असा चकवा दिला, त्याने आमच्या शेजारच्या अण्णांना चकविले, यात नवल ते काय!

अण्णांचे वय सत्तरीच्या घरातले. दिवसाकाठी चार कप चहा घ्यावयाचा, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. रात्री झोप लागेना, तेव्हा त्यांनी एका दिवसात चहा वर्ज्य केला. परंतु झोप काही आली नाही. उलट दुसऱ्याच दिवशी डोके ठणकू लागले. अण्णांनी दुकानातून डोकेदुखीची गोळी आणविली. गोळीने आराम पडला, म्हणून पुन्हा दुखताच पुन्हा गोळी घेतली. असे करता करता दुपारी एक आणि रात्री एक, असा गोळीचाच नेम होऊन बसला. “गुरुजी, चहा सोडून दोन महिने झाले,” ते मला म्हणाले, “पण घड्याळातले दोनचे ठोके ऐकल्यावाचून डोळा लागत नाही. आता आणखी काय सोडू?”

त्यांची नात मुक्ता तेथेच अभ्यास करीत बसली होती. ती बारा वर्षांची आहे आणि गणितात हुशार. मी तिला म्हटले, “मुक्ता, वही घे आणि आजोबांच्या दिवसाचा जमाखर्च मांड. त्यांनी काय सोडले ते एका बाजूस लिही आणि काय धरले ते दुसऱ्या बाजूस.”

एका कप चहात सुमारे ४० मिलिग्रॅम कॅफीन असते. पाने किती आणि किती वेळ उकळली, यावर ते कमीअधिक होते. पण अंदाजाला हा आकडा पुरे. चार कपांचे १६० मिलिग्रॅम झाले. ही अण्णांनी सोडलेली बाजू.

दुसऱ्या बाजूस प्रथम हिरवा चहा आला. तो औषधी म्हणून अण्णा सकाळी सात, अकरा आणि सायंकाळी पाच वाजता घेत. हिरवा चहा आणि आपला नेहमीचा चहा ही एकाच झाडाची पाने. केवळ ती तयार करण्याची रीत निराळी. एका कपात सुमारे ३० मिलिग्रॅम, म्हणजे तिन्हींचे ९०. जेवणानंतर अण्णा गडद चॉकलेटच्या चार वड्या खात. कोकोच्या बियांत कॅफीन मुळातच असते आणि चॉकलेट जितके गडद तितके ते अधिक. चार वड्यांचे वजन ४० ग्रॅम भरले. त्यांत सुमारे २० मिलिग्रॅम. सायंकाळी पाचच्या सुमारास नातीबरोबर ३०० मिलिलिटर कोला होई, त्यात सुमारे ३०.

“आणि गोळ्या?” मुक्ताने विचारले. “गोळी म्हणजे औषध. तिच्यात कॅफीन कशाला असेल?”

मी तिला गोळ्यांचे पाकीट उलटे करून बारीक अक्षरे वाचावयास सांगितले. तिने भिंग आणले. वेदनाशामक द्रव्यांच्या नावांखाली स्पष्ट लिहिले होते, ‘कॅफीन ५० मिलिग्रॅम’. वेदनाशामकाचा प्रभाव थोडा वाढावा म्हणून काही गोळ्यांत ते मुद्दाम घालतात. सर्वच गोळ्यांत नसते. दोन गोळ्यांचे १०० झाले. मुक्ताने बेरीज केली : ९० आणि २० आणि ३० आणि १००, एकूण २४०. ती आजोबांकडे पाहतच राहिली. चहा सोडल्यापासून आजोबांचे कॅफीन १६० वरून २४० वर गेले होते!

यावर अण्णा म्हणाले, “पण हे काही फार नव्हे ना?” त्यांचे म्हणणे अगदी खोटे नव्हते. निरोगी प्रौढ माणसाने दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन घेतल्यास सहसा अपाय होत नाही, असे युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली सांगितले आहे. परंतु झोपेचा प्रश्न केवळ बेरजेने सुटत नाही. तेथे घड्याळही पाहावे लागते. घेतलेले कॅफीन निम्मे होण्यास प्रौढ माणसाला साधारण पाच तास लागतात. कोणाला थोडे कमी, कोणाला अधिक.

मुक्ताने पुन्हा पेन्सिल उचलली. पाच वाजता घेतलेल्या हिरव्या चहाचे ३० आणि कोलाचे ३०, असे ६०. रात्री दहा वाजता त्यांतले ३० उरले. त्याच वेळी अण्णा दुसरी गोळी घेत, तिचे ५०. म्हणजे दुपारचे आणि सकाळचे उरलेसुरले सोडले तरी ८० मिलिग्रॅम झाले. दोन कप चहा पिऊन अंथरुणावर पडावे, तसेच हे झाले. दिवसभरात आपल्या मेंदूत ॲडेनोसीन नावाचे द्रव्य साठत जाते व त्यामुळे झोप येते. कॅफीन त्याची जागा अडवून बसते. शरीर थकलेले असते, पण थकल्याचा निरोप पोहोचत नाही.

मग डोके का दुखत होते? ज्याला रोज कॅफीनची सवय असते त्याने ते एकदम थांबविले, तर एका दिवसाच्या आतच डोके दुखू लागते आणि हे दुखणे काही दिवस टिकू शकते. अण्णांना गोळीने आराम पडे, त्यात गोळीतील कॅफीनचाही हात होता. शिवाय अशा गोळ्या महिन्यातून दहा किंवा अधिक दिवस घेत राहिल्यास त्या स्वतःच डोकेदुखी आणू शकतात. अण्णा मुक्ताची वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी ती गोळी बंद केली, हिरवा चहा दर आठवड्यास एक कप असा कमी करविला आणि दुपारनंतर कोला व चॉकलेट नको म्हणून सांगितले. पहिले काही दिवस अण्णांना जड गेले. महिनाभराने मात्र त्यांना दोनचे ठोके ऐकू येईनासे झाले.

मुक्ताने त्याच वहीत आपलाही हिशेब मांडला. त्याच संस्थेने मुलांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला ३ मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली आहे. मुक्ताचे वजन ३६ किलो, म्हणून तिची मर्यादा १०८. आजोबांच्या २४० चा भार तिला दुपटीहून अधिक झाला असता. एकच बाटली दोघे घेतात, पण लहान शरीराला तिचा वाटा मोठा पडतो.

हा हिशेब करताना एक अडचण येते. ज्या शीतपेयात कॅफीन वरून घातलेले असते, त्याच्या वेष्टनावर तसे लिहिण्याचा नियम आपल्या देशात आहे, आणि गोळीच्या पाकिटावरही ते लिहिलेले असते. परंतु चॉकलेटमध्ये आणि हिरव्या चहात ते निसर्गतःच असते. त्यामुळे त्यांच्या वेष्टनावर बहुधा त्याचा उल्लेख नसतो. तेथे वाचून कळत नाही. वस्तू कोणत्या झाडापासून आली, हे आठवूनच ओळखावे लागते.