गोळ्या वरच्या बॅगेत

दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन जर्मनीला गेलो. मध्ये एकदा विमान बदललं. आम्ही पोचलो, तिची बॅग मागेच राहिली. बीपीच्या गोळ्या त्यातच. रात्री दहा वाजता, प्रिस्क्रिप्शनशिवाय, परक्या गावात कुठून आणणार?

बॅग तिसऱ्या दिवशी आली. आता बोरिवलीहून निघताना केबिन बॅग एवढंच बघून भरतो: पहिले तीन दिवस हिच्यावर निघतील का? गोळ्या मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसकट. कपड्यांचा एक जोड, चार्जर, अडॅप्टर. चेक-इनला मिळालेली टॅगची चिठ्ठीही जपतो. विमानतळ सोडण्याआधी तक्रार नोंदवताना त्यावरचाच नंबर विचारतात.

आई मात्र गोळ्या पर्समध्ये ठेवते. विमान भरलेलं असलं, की केबिन बॅगही कधीकधी दारातच काढून घेऊन खाली टाकतात. तिचं बरोबर आहे.