विरजण चमचाभरच

पन्हाळ्यावर पावसाळ्यात धुकं थेट स्वयंपाकघरात शिरतं आणि रात्री लावलेलं दही सकाळी पाणचटच असतं. मग सुचणारा उपाय एकच, विरजण वाढवा. कुणी लिटरभर दुधाला चार मोठे चमचे घालतं, कुणी अर्धी वाटी. दही लागतंही चटकन. पण सकाळी ते पातेल्याच्या कडेने सुटलेलं असतं, वर हिरवट-पिवळी निवळी तरंगते आणि जिभेला दही रवाळ, आंबट लागतं.

विरजणातले जिवाणू दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करतात. आम्ल सावकाश वाढलं की प्रथिनांचे कण हळूहळू एकमेकांना धरतात, त्यांची बारीक जाळी होते आणि दुधातलं पाणी तिच्यात अडकून राहतं. विरजण जास्त झालं की आम्ल भराभर वाढतं. कण घाईघाईत गुठळ्या करून चिकटतात, जाळी जाडीभरडी होते आणि तिच्या मोठ्या भोकांतून पाणी सुटतं. शिवाय दही मध्यरात्रीच लागून जातं आणि आपण उठेपर्यंत आंबतच राहतं.

थंडीत कमी पडते ती ऊब. मुख्यतः ती वाढवावी, विरजण नव्हे.

आमच्याकडे म्हशीचं दूध. एक लिटर दूध उकळी आल्यावर मी मंद आचेवर आणखी पाच-सात मिनिटं ठेवते. त्याने दही घट्ट लागतं. मग करंगळी बुडवून दहा आकडे सहज मोजता येईपर्यंत, म्हणजे साधारण 40 ते 43 अंशांपर्यंत निवू देते. उन्हाळ्यात चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम विरजण पुरतं. पावसाळ्यात दोन, फार तर तीन. ते थोड्या दुधात फेटून सगळीकडे नीट मिसळायचं, झाकण लावायचं आणि डबा पिठाच्या मोठ्या डब्यात गळ्यापर्यंत रोवून ठेवायचा. पीठ ऊब धरून ठेवतं. मातीचं गाडगं पाणी शोषतं, म्हणून उन्हाळ्यात फार छान. पण या ओल्या थंडीत ते दूध लवकर गार करतं, तेव्हा मी स्टीलचाच डबा घेते.

सहा ते आठ तासांनी डबा हलकेच कलता करून बघावा. दही कडेला धरून एकसंध हललं की लगेच गार जागी ठेवायचं. चमच्याने काप घेतला तर कड धारदार राहते आणि खळग्यात पाणी येतं ते अगदी सावकाश.

विरजण अगदीच थेंबभर किंवा फार जुनं असलं तरी बिघडतं. दूध रेंगाळतं, दुसऱ्या जिवाणूंना फावतं आणि दह्याला तार सुटते. म्हणून उद्याचं विरजण आजच्या गोड दह्यातून, पहिली वाटी वाढायच्या आधीच काढून ठेवावं.