भिंतीवरचा कार्व्हर

विज्ञानकक्षाबाहेरच्या भिंतीसाठी जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचा परिचय लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. साधन म्हणून हाताशी वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे चरित्र होते. संपूर्ण आयुष्य एका परिच्छेदात मांडायचे होते, आणि तो परिच्छेदही पाचवीतल्या मुलाने उभ्याउभ्या वाचावा एवढाच हवा होता.

अशा वेळी पहिला मोह होतो तो ‘शेंगदाण्यापासून तीनशे पदार्थ’ या वाक्याचा. हे वाक्य लक्षात राहते. मात्र त्यातून कार्व्हर कळत नाहीत. शिवाय त्या यादीत पूर्वीपासून माहीत असलेल्या कृतीही होत्या. शेंगदाण्याच्या लोण्याचे श्रेय अनेकजण त्यांना देतात. वस्तुतः त्याचे पेटंट १८८४ सालीच दुसऱ्याने घेतले होते.

म्हणून मी एक कसोटी ठरवली. एक वाक्य झाकायचे आणि पुढचे वाक्य त्याच्यावाचून उभे राहते का, ते पाहायचे. पदार्थांची यादी झाकली, तरी काहीच कोसळले नाही. ‘कापसाने जमीन निकस झाली’ हे वाक्य झाकताच पुढचे सारे निरर्थक झाले. आयुष्याचा कणा तिथे होता. रताळ्याचा प्रसारही त्यांनी केला. परंतु रताळे द्विदल नसल्याने ते मातीला नत्र देत नाही. ते ठेवले असते, तर मुलांचा कार्यकारणाचा धागा तुटला असता. भुईमूग मात्र सातारा-सांगलीच्या मुलांच्या ओळखीचा. वेल उपटताना मुळांवरच्या बारीक गाठी त्यांनी पाहिलेल्या असतात.

अखेर भिंतीवर गेलेला मजकूर असा :

‘जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचा जन्म १८६४च्या सुमारास अमेरिकेत एका गुलाम स्त्रीच्या पोटी झाला. कृष्णवर्णीय म्हणून एका महाविद्यालयाने त्यांना दारातून परत पाठवले. पुढे आयोवा येथे शिकून ते कृषिशास्त्रज्ञ झाले. १८९६पासून ते टस्कीगी येथे शिकवू लागले. दरवर्षी कापूस घेतल्याने तिथली जमीन निकस झाली होती. त्यांनी शेतकऱ्यांना चवळी व भुईमूग पेरण्यास सांगितले, कारण या पिकांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र धरून ठेवतात. पिकलेल्या मालाला खप हवा, म्हणून त्यांनी त्याचे अनेक उपयोग लोकांना दाखवले. १९४३ साली त्यांचे निधन झाले.’

जन्माला ‘सुमारास’ हा शब्द जाणीवपूर्वक ठेवला आहे. गुलामाच्या लेकराची जन्मतारीख कोणी नोंदवून ठेवली नाही, ही त्या काळाचीच साक्ष होय. नकाराचे वाक्यही याच कारणाने राहिले. आपल्या आजोबा-पणजोबांना शाळेच्या उंबरठ्याबाहेर बसावे लागल्याचे ऐकत वाढलेल्या मुलांना त्याचे स्पष्टीकरण लागत नाही.

एक गोष्ट मात्र परिच्छेदात मावली नाही. कार्व्हर तान्हे असताना त्यांना व त्यांच्या आईला टोळीने पळवून नेले. मूल परत मिळाले; आई कधीच सापडली नाही. हे एका ओळीत उरकणे मला शक्य झाले नाही. म्हणून परिच्छेदाखाली पुस्तकाचे नाव आणि ते ग्रंथालयाच्या कोणत्या कपाटात आहे, एवढे लिहिले.