न तुटणारा रो

अहवालाचं एखादं पान मध्येच संपतं. खाली चांगली चार बोटं जागा कोरी राहते आणि तक्ता पुढच्या पानावर नव्याने सुरू होतो. वाचणाऱ्याला वाटतं, इथला मजकूर छापायचा राहिला. खरं तर काहीच राहिलेलं नसतं. तक्त्यातला एक रो उरलेल्या जागेत मावत नाही, त्याला तोडायला परवानगी नाही, म्हणून तो सगळाच्या सगळा पुढच्या पानावर गेलेला असतो.

यवतमाळ जिल्ह्याचे तालुके सोळा. त्यामुळे जिल्ह्याचा कोणताही आढावा म्हटला की सोळा रोंचा तक्ता आलाच. अनुक्रमांक, तालुका, आकडे आणि शेवटी ‘शेरा’. बहुतेक तालुक्यांचा शेरा दोन-तीन ओळींत आटोपतो. पण वन्यप्राण्यांमुळे झालेल्या नुकसानीचा तक्ता असेल, तर राळेगाव किंवा केळापूरसमोर मजकूर लांबतो. टी-1 वाघिणीच्या 2018 सालच्या प्रकरणानंतर हा भाग राज्यभर माहीत झाला, तेव्हा तिथला शेरा तीन ओळींत बसेल ही अपेक्षाच चुकीची.

हिशेब मांडून पाहू. ए-फोर कागदाची उंची 29.7 सेंटिमीटर. वरखाली एकेक इंच समास सोडला की साधारण 24.6 उरतात. मंगल फाँटची बारा पॉइंटची ओळ सुमारे 7 मिलिमीटर जागा घेते, म्हणजे पानावर 35 ओळी. मथळा आणि शीर्षकाचा रो मिळून पाच ओळी, पहिले सात तालुके प्रत्येकी तीन ओळींचे, म्हणजे एकवीस. उरल्या नऊ. आठवा रो राळेगावचा, चौदा ओळींचा. तो उडी मारतो आणि मागे सहा सेंटिमीटरहून अधिक जागा कोरी पडते.

यावर सर्रास होणारा उपाय म्हणजे एंटर आणि बॅकस्पेस बडवणं. त्याने काही होत नाही. वर्डमध्ये तो रो निवडून `Table Properties` उघडायचं आणि `Row` या पट्टीवर `Allow row to break across pages` समोर खूण आहे का ते बघायचं. मुळात ही खूण असतेच. कुणीतरी रो एकसंध दिसावा म्हणून काढलेली असते. लिबरऑफिसमध्ये हीच सोय तक्त्याच्या `Text Flow` या पट्टीत मिळते.

खूण असूनही रो तुटत नसेल तर दोष आतल्या परिच्छेदात शोधावा. `Keep lines together` किंवा `Keep with next` लागलेलं असतं, विशेषतः मजकूर दुसऱ्या फाइलमधून चिकटवला असेल तेव्हा. ¶ चं बटण दाबून खुणा दाखवल्या की अशा परिच्छेदाच्या डावीकडे बारीक काळा चौकोन दिसतो. तोही नसेल तर रोची उंची `Exactly` ठेवलेली आहे का ते पाहावं. ठरावीक उंचीचा रो दोन पानांत विभागला जात नाही.

आता खूण केली आणि रो तुटला, म्हणून काम झालं असं नाही. नऊ ओळी इथे, पाच पुढे. पुढच्या पानावर त्या पाच ओळींच्या डावीकडचा रकाना मोकळा! तालुक्याचं नाव मागेच राहिलं. `Repeat as header row` केल्याने रकान्यांची शीर्षकं पुन्हा येतात, ‘राळेगाव’ येत नाही. नुसतं ते पान हातात घेणाऱ्याला शेरा कुठल्या तालुक्याचा हे कळायला मार्ग नाही. म्हणून मी आधी खुणेकडे नाही, रकान्याच्या रुंदीकडे बघतो. वरच्या उदाहरणात शेऱ्याला चारच सेंटिमीटर दिले असतील, तर आकड्यांचे ऐसपैस रकाने आवळून ते सात करता येतात. मग चौदा ओळींचा मजकूर आठांत बसतो, आणि जागा तर नऊ ओळींची आहे. रो तुटतही नाही, उडीही मारत नाही. शेरा वीस ओळींचा असेल तर मात्र रुंदी पुरत नाही. तिथे तोडू द्यावं. सह्यांचा रो मात्र कधीच तोडू देऊ नये, त्यापायी जागा कोरी राहिली तरी चालेल.

एक्सेलमध्ये गोष्ट आणखी अडते, कारण तिथे पानाच्या कडेवर रो तोडायची खूणच नाही. शिवाय रोची उंची 409 पॉइंटच्या, म्हणजे सुमारे साडेचौदा सेंटिमीटरच्या पुढे जात नाही. त्याहून लांब शेरा पडद्यावर आणि कागदावरही खालून कापला जातो, आणि कापला गेल्याची काही सूचना मिळत नाही. तिथे मजकुराचे दोन रो करून दुसऱ्यात ‘राळेगाव (पुढे चालू)’ लिहावं लागतं. मग नावांच्या रकान्यावर लावलेलं हे सूत्र सोळाऐवजी सतरा तालुके दाखवतं:

```
=COUNTA(B2:B18)
```

अशा वेळी मोजणी अनुक्रमांकाच्या रकान्यावर लावायची आणि वाढीव रोत तो रकाना कोरा सोडायचा.