हिरवा बेदाणा आणि गंधकाची धुरी

बेदाणा म्हणजे वाळवलेले द्राक्ष, हे खरे आहे. पण मीरा रोड किंवा भाईंदरच्या किराणा दुकानात एका बरणीत काळपट आणि शेजारच्या बरणीत हिरवट-पिवळा बेदाणा दिसतो, तेव्हा हे उत्तर अपुरे पडते. पुष्कळदा दोन्ही बरण्यांतले द्राक्ष एकाच थॉमसन सीडलेस जातीचे किंवा तिच्यातून निवडलेल्या तास-ए-गणेशसारख्या वाणाचे असते. मग रंगात फरक पडतो तो वाळवण्याच्या पद्धतीमुळे.

द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. तो आतले पाणी सहज बाहेर पडू देत नाही. काहीही न लावता घड उन्हात ठेवले, तर ते सुकायला तीन-चार आठवडे लागतात. एवढ्या काळात मण्यातले एक विकर सालीतल्या फिनॉल द्रव्यांचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग घडवून आणते आणि मणी तपकिरी होत होत काळपट पडतो. कापून ठेवलेले सफरचंद याच क्रियेने लाल पडते. काळपट बेदाण्यात त्यामुळे द्राक्षाखेरीज काही नसले, तरी चालते.

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव परिसरात बेदाणा करतात तो वेगळ्या रीतीने. येथील बेदाण्याला भौगोलिक मानांकनही आहे. काढलेले घड क्रेटमध्ये भरून द्रावणात बुडवले जातात. 100 लिटर पाण्यात साधारण अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल, म्हणजे मुख्यतः इथिल ओलिएट, असे त्याचे प्रमाण असते. दोन-चार मिनिटांत मेणाचा थर सैल होतो आणि पाण्याला वाट मिळते. घड जास्त वेळ बुडवून ठेवले, तर साल दुखावते, साखर बाहेर झिरपते आणि माल चिकट होतो. बुडवलेले घड शेडमधल्या जाळीच्या रॅकवर पसरतात. वर छप्पर असल्याने थेट ऊन लागत नाही आणि बाजू मोकळ्या असल्याने वारा खेळतो. पंधरवड्याच्या आत-बाहेर माल तयार होतो. पाणी लवकर गेले की विकराला काम करायला अवधी उरत नाही, म्हणून रंग हिरवट-पिवळा टिकतो.

उतारा साखरेवर ठरतो. 22 ब्रिक्सच्या एक टन द्राक्षात घनपदार्थ सुमारे 220 किलो असतात. बेदाण्यात 15 टक्के पाणी ठेवले, तर साधारण 259 किलो माल निघतो, म्हणजे चार किलोला एक किलो. घाई करून 18 ब्रिक्सवर काढणी केली, तर 212 किलोच हाती येतो आणि मणीही बारीक, फुसका राहतो.

एवढ्यावर काम संपत असते, तर गंधकाची गरज नव्हती. पण मार्च-एप्रिलमध्ये ढग आले किंवा अवकाळी पाऊस झाला, की वाळवण लांबते आणि माल लाल पडू लागतो. शिवाय साठवणीतही रंग हळूहळू उतरतो. बाजारात भाव रंग बघून ठरतो. म्हणून बंद जागेत ओलसर मालाला गंधक जाळून धुरी देतात. धुरातला सल्फर डायऑक्साइड मण्याच्या ओलाव्यात विरघळून सल्फाइट बनतो. तो विकराला निष्क्रिय करतो आणि साखरेशी बांधला जाऊन पुढचे काळवंडणेही रोखतो. बुरशी आणि किडीलाही त्याचा अटकाव होतो, पण टिकण्याचे मुख्य श्रेय कमी पाणी आणि भरपूर साखर यांना आहे. नीट वाळलेला काळपट बेदाणा गंधकाशिवाय टिकतोच. तेव्हा सल्फाइटवरचा खर्च बहुतांशी रंगासाठी आहे.

बहुतेकांना बेदाण्यातल्या सल्फाइटचा त्रास होत नाही. दम्याच्या काही रुग्णांना मात्र सल्फाइटमुळे धाप लागू शकते. भारतीय लेबल नियमांनुसार किलोला 10 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक सल्फाइट असेल, तर पाकिटावर तसे नमूद करावे लागते. घटकांच्या यादीत ते INS 220 (सल्फर डायऑक्साइड) किंवा INS 223, 224 (मेटाबायसल्फाइट) अशा क्रमांकांनी दिसते. धुरी अति झाली असेल, तर बरणी उघडताच नाकाला झोंबणारा वास येतो आणि चव किंचित आंबट लागते. पण वास नाही म्हणून सल्फाइट नाही, असे म्हणता येत नाही. धुऊनही ते पूर्ण निघत नाही. सुट्या मालावर लेबलच नसते. म्हणून घरात कोणाला दमा असेल, तर बेदाणा पाकिटबंद घ्यावा आणि मागची बाजू वाचूनच घ्यावा.