‘जरा बरं कर’

सोसायटीचा सेक्रेटरी व्हायला लागणारी पात्रता माझ्याकडे होती: सर्वसाधारण सभेला मी गैरहजर होतो. पहिलंच काम आलं ते गच्चीवरच्या टाकीच्या सफाईची नोटीस काढण्याचं. कंटाळा आला म्हणून फोनमधल्या चॅटबॉटला सांगितलं, "रविवारी टाकी साफ होणार, सकाळी १० ते संध्याकाळी ५ पाणी बंद, नोटीस लिहून दे." आलेला खर्डा ठीक होता. थोडा कोरडा, इतकंच. मी तिथेच थांबायला हवं होतं.

मी लिहिलं, "जरा बरं कर." नवा खर्डा ‘शुद्ध जल हीच निरोगी जीवनाची गुरुकिल्ली’ असा सुरू झाला. घाबरून "एवढं भारदस्त नको" म्हटलं, तर ‘नमस्कार मंडळी!’ आलं आणि सोबत पाण्याच्या थेंबाचं चित्र. मग म्हटलं, "लहान कर." लहान झालं, पण पाणी परत किती वाजता येणार तेच गळलं. तेवढ्यात ‘कार्यकारिणीच्या ठरावानुसार’ असे शब्दही कुठूनसे घुसले. असा ठराव कधी झालाच नव्हता! गंमत म्हणजे माझी प्रत्येक सूचना त्याने आधी आनंदाने मान्य केली होती. घरात माझ्याशी इतकं कुणी सहमत होत नाही, त्यामुळे संशय यायला वेळ लागला.

पुतणी एका मासिकात संपादनाचं काम करते. तिने सगळे खर्डे वाचले आणि विचारलं, "काका, पहिल्यात तुम्हाला नक्की काय खटकलं होतं?" मला सांगता येईना. पुन्हा वाचल्यावर दिसलं की भाषेचा काही दोष नव्हता. नोटीस वाचून माणसाने करायचं काय, तेच तिच्यात नव्हतं. आदल्या रात्री पाणी भरून ठेवा, सफाईनंतर नळाला येणारं पहिलं पाणी पिऊ नका, हे दोन्ही माझ्या डोक्यात होतं. चॅटबॉटला मी ते सांगितलंच नव्हतं. ‘बरं कर’ म्हटल्यावर त्याच्या हाती फक्त भाषाच उरत होती, म्हणून तो तीच सजवत बसला.

मग तिने आणखी एक गोष्ट समजावली. मला वाटत होतं, तो जुन्या कागदावर खाडाखोड करतो. तसं नाही. "हे बदल" म्हटलं की तो बहुतेक वेळा अख्खा मजकूर नव्याने लिहितो, त्यामुळे आपल्याला आवडलेली ओळही त्या भरात बदलू शकते. शिवाय त्या संभाषणातले आधीचे बिघडलेले खर्डे आणि माझ्या उलटसुलट सूचना त्याच्यासमोर तशाच असतात, आणि त्यांची छाया पुढच्या मजकुरावर पडते. म्हणून भरकटल्यावर तिथेच ओढाताण करत बसू नये. चांगला खर्डा उचलून नव्या संभाषणात चिकटवावा. मी मात्र त्याच चॅटमध्ये "आधीसारखं कर" असं लिहीत होतो. कुठल्या आधीसारखं, ते त्याने कसं ओळखायचं?

आता पहिला खर्डा नव्या संभाषणात चिकटवून तिने मला सूचना लिहायला बसवलं. मी लिहिलं ते असं: "हा खर्डा घे. वार, वेळ आणि शेवटची ओळ जशीच्या तशी ठेव. ‘सदस्यांनी सहकार्य करावे’ या वाक्यातून वाचणाऱ्याला काय करायचं ते कळत नाही. त्या जागी दोन कामं लिही: शनिवारी रात्री पाणी भरून ठेवणे, आणि रविवारी ५ नंतर नळाला येणारं पहिलं पाणी धुण्याला वापरणे, पिण्याला नाही. मी न दिलेली माहिती घालू नकोस." ‘सहकार्य’ का नको, हे कारण लिहायला मी कुरकुर केली होती. पण त्याचा उपयोग झाला: मजकुरात दुसरीकडे असलेलं ‘योग्य ती दक्षता घ्यावी’ हेही, मी न सांगता, निघून गेलं. नुसतं "हे वाक्य काढ" म्हटलं असतं तर बहुधा तेवढंच गेलं असतं.

नोटीस जमली होती. तरी पुतणीने दोन्ही खर्डे शेजारीशेजारी ठेवून, आधी आकडे आणि मग ओळी, असे ताडून पाहायला लावले. ‘जशीच्या तशी’ ठेवायच्या शेवटच्या ओळीत सेक्रेटरीचा सचिव झाला होता. मी लगबगीने त्यावर नवी सूचना टाइप करायला लागलो. तिने फोन काढून घेतला, तो एक शब्द बोटाने बदलला आणि फोन परत दिला.

नोटीस लिफ्टशेजारी लावली. तासाभरात तळमजल्यावरच्या आजी आल्या. "आमच्या स्वयंपाकघरात थेट महापालिकेचं पाणी येतं. तेही बंद का?" मला माहीत नव्हतं. मलाच नाही, म्हणजे चॅटबॉटला कुठून असणार! प्लंबरला विचारलं. ते पाणी टाकीतून येतच नाही, त्यामुळे बंद होणार नव्हतं. नोटिशीखाली तेवढी ओळ मी पेनने लिहिली, आणि आजींनी चष्मा लावून माझं शुद्धलेखन तपासलं.