विहिरीजवळचं तीन कोनी रान, आणि मधोमध म्हणजे नक्की कुठं?

दिवाळीपासून इथं काही लिहिलं नाही, कारण घरातच एक वाटणीचं काम निघालं होतं. सातबारा सामाईकच ठेवायचा, फक्त कसायला वेगवेगळं घ्यायचं, एवढंच. बाकीच्या रानाचं एका बैठकीत मिटलं. अडलं ते विहिरीजवळच्या तीन कोनी तुकड्यापाशी. एका कोपऱ्यात विहीर, दुसऱ्या कोपऱ्यात विजेची डीपी, तिसऱ्यात जुनी बाभळ. तिन्ही कडा सरळ आहेत.

सोयाबीन निघालं होतं, रान मोकळं होतं. पाडव्याला दादा म्हणाले, "मधोमध बांध टाकू. विहिरीकडचं तू घे, पलीकडचं मी घेतो. तुला पाणी जवळ, मला रान जरा रुंद, फिट्टंफाट." मधोमध म्हणजे कसं, तर विहिरीपासून डीपीपर्यंतच्या कडेचा मध्य काढायचा, विहिरीपासून बाभळीपर्यंतच्या कडेचा मध्य काढायचा, आणि दोन्हीच्या मधे दोरी ताणायची. मला ते पटलं. बांधावर उभं राहून बघितलं तर ते निम्म्यासारखंच दिसतं. दादांच्या मनात खोट नव्हती हे आधीच सांगतो, कारण मीसुद्धा मान डोलावली होती.

धाकटी लेक दहावीला आहे. तिच्या पुस्तकात निर्देशक भूमिती चालू होती. ती म्हणाली, "पप्पा, आधी कागदावर मांडून बघू या का?" माझी दहावी होऊन पस्तीस वर्षं झाली. आलेख कागद म्हटला की मला तापमानाचा तक्ता आठवतो. पण बसलो तिच्याजवळ.

तिला मी एकच गोष्ट सुचवली, आणि ती फार कामाला आली. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. मग कागदावरचा एक चौकोन ३३ फुटांचा धरला, तर एक चौकोन म्हणजे सरळ एक गुंठा. उत्तर चौरस फुटांत काढून परत भागायची कटकटच नाही.

आता रानातले कोपरे कागदावर आणायचे कसे? आमच्या रानाच्या खालच्या अंगाला पाट जातो, त्याची कड सरळ आहे. पाटावरच्या मोरीचा कोपरा शून्य धरला. पाटाच्या कडेनं चालत जायचं तो आडवा अक्ष, आणि पाटाला काटकोनात रानाकडं जायचं तो उभा अक्ष. प्रत्येक कोपऱ्यासाठी दोन मापं: मोरीपासून पाटाच्या कडेनं किती फूट, आणि तिथून काटकोनात आत किती फूट. काटकोन काढायला गवंडी वापरतो तीच दोरी घेतली, ९, १२ आणि १५ फुटांवर गाठी मारलेली. या तीन बाजूंचा त्रिकोण ताणला की ९ आणि १२ च्या मधे काटकोन येतो.

मापं अशी आली. विहीर ३३ फूट कडेनं, ३३ फूट आत. डीपी २९७ कडेनं, ९९ आत. बाभळ १३२ कडेनं, २६४ आत. खरं सांगायचं तर एखादा फूट इकडंतिकडं होता, तो आम्ही सोडून दिला. ३३ नं भागलं की झाले बिंदू: विहीर (१, १), डीपी (९, ३), बाभळ (४, ८). कंसात आधी आडवं, मग उभं. लेकीनं कागदावर टिंबं दिली, रेघा जोडल्या आणि त्याचा फोटो काढून मला मोबाईलवर पाठवला. तोच फोटो खाली टाकलाय, चौकोन मोजून बघा.

रात्री मी एकटाच त्या फोटोवरून वहीत उतरवून घेत होतो आणि तिथं चुकलो. बाभळ (४, ८) ऐवजी (८, ४) लिहिली. मग तपासायला म्हणून अंतर काढलं. अंतर काढायची रीत सोपी आहे. दोन बिंदूंमधे आडवे किती चौकोन आणि उभे किती चौकोन ते मोजायचं, दोन्हींचा वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ घ्यायचं. काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढतो तेच हे, पायथागोरसचं. विहिरीपासून बाभळ: आडवे ७, उभे ३, वर्ग ४९ आणि ९, बेरीज ५८, वर्गमूळ ७.६२. गुणिले ३३, म्हणजे २५१ फूट. टेपनं त्या कडेचं माप २५१ च आलं होतं. जुळलं म्हणून मी निर्धास्त झालो, आणि क्षेत्र काढलं तर आलं ५ गुंठे!

आता त्या रानात सोयाबीनच्या बियाण्याची जवळजवळ पाऊण बॅग जाते, ते पाच गुंठे कसं असेल? सकाळी लेकीनं बघितलं आणि हसली. विहीर (१, १) वर आहे ना, म्हणून बाभळीचे आकडे उलटे झाले तरी विहिरीपासूनचं अंतर तेच राहतं. फक्त ३ आणि ७ यांची जागा बदलते, बेरीज ५८ च. पण तेच डीपीपासून काढलं असतं तर आडवा १, उभा १, म्हणजे जेमतेम ४७ फूट. टेपनं तिथं २३३ फूट आहे. म्हणजे एक कड जुळली म्हणून भागत नाही, तिन्ही कडा ताडून बघायला पाहिजेत.

बरोबर बिंदू घेऊन तिन्ही काढल्या. विहीर ते बाभळ आडवे ३, उभे ७, तेच २५१ फूट. विहीर ते डीपी आडवे ८, उभे २, बेरीज ६८, वर्गमूळ ८.२५, म्हणजे २७२ फूट. टेप २७३ दाखवत होती. डीपी ते बाभळ आडवे ५, उभे ५, वर्गमूळ ७.०७, म्हणजे २३३ फूट, टेपइतकंच. या ताळ्याचं आणखी एक कारण आहे. पाटापासून काटकोन काढताना एक अंश जरी चुकलो, तरी २६४ फूट आत गेल्यावर बाभळ साडेचार फूट सरकते. काटकोन चुकला असता तर कडा जुळल्याच नसत्या.

मग क्षेत्र. लेकीकडं सूत्र होतं, पण मला चौकोनाची रीत जास्त पटली. त्रिकोणाच्या भोवती एक मोठा आयत काढायचा. आडवा १ पासून ९ पर्यंत ८ चौकोन, उभा १ पासून ८ पर्यंत ७ चौकोन. आठ सत्ते छप्पन्न, म्हणजे ५६ गुंठे. त्यातून आपल्या रानाबाहेरचे तीन कोपरे वजा करायचे. तिन्ही काटकोन त्रिकोण आहेत, म्हणजे दोन बाजूंचा गुणाकार करून निम्मा. विहीर-डीपी कडेखालचा ८ गुणिले २ चा निम्मा, ८. डीपी-बाभळीच्या वरचा ५ गुणिले ५ चा निम्मा, साडेबारा. विहीर-बाभळीच्या डावीकडचा ३ गुणिले ७ चा निम्मा, साडेदहा. एकूण ३१. छप्पन्नातून ३१ गेले, राहिले २५ गुंठे.

लेकीनं सूत्रानं ताडलं:

½ × [१(३ − ८) + ९(८ − १) + ४(१ − ३)] = ½ × (−५ + ६३ − ८) = २५

एखादा फूट आम्ही सोडून दिला होता, त्यानं किती फरक पडतो तेही काढलं. डीपीचा कोपरा एक फूट आत-बाहेर झाला तर जास्तीत जास्त सव्वाशे चौरस फूट, म्हणजे गुंठ्याचा साधारण नववा हिस्सा. भावाभावांत तेवढं चालतं.

आता दादांचा "मधोमध". मध्यबिंदू काढायला काहीच अवघड नाही, आडव्या आकड्यांची बेरीज करून निम्मी, उभ्यांची बेरीज करून निम्मी. विहीर-डीपीचा मध्य (५, २). विहीर-बाभळीचा मध्य (२.५, ४.५). हे दोन जोडून विहिरीकडचा तुकडा त्याच आयताच्या रीतीनं काढला. आयत १४, बाहेरचे कोपरे पावणेआठ, उरले ६.२५. म्हणजे सव्वासहा गुंठे मला, पावणेएकोणीस दादांना. मी तीनदा गुणाकार केला. पण नंतर विचार केला तर सरळ आहे: माझ्या तुकड्याची लांबीही निम्मी झाली आणि रुंदीही निम्मी झाली. निम्म्याचा निम्मा, पाव.

दादांना सांगायला जायला मला दोन दिवस लागले. वाटणीत आकडा काढणारा माणूस लोभी दिसतो. शेवटी लेकीलाच वही घेऊन पाठवलं आणि मागून मी गेलो. दादा बराच वेळ चौकोनांवर बोट ठेवून मोजत बसले. मग म्हणाले, "अरे, हे मला दिसलंच नाही. मग निम्मं कसं करायचं ते सांग."

लेक म्हणाली, "काका, दोन कडांचे नाही, एकाच कडेचा मध्य घ्यायचा." डीपी (९, ३) आणि बाभळ (४, ८), मध्य (६.५, ५.५). तिथून सरळ विहिरीपर्यंत बांध. दोन्ही बाजूंचा पाया सारखा, कारण कडेचे दोन निम्मे भाग. आणि विहिरीपासून त्या कडेची उंची दोघांनाही एकच. म्हणून क्षेत्र सारखं, साडेबारा आणि साडेबारा. शिवाय दोघांचंही रान विहिरीला टेकतं, पाण्यासाठी कुणाच्या रानातून पाईप न्यायला नको. हे कोणत्याही कोपऱ्यातून करता आलं असतं, पण विहिरीशिवाय दुसऱ्या कोपऱ्यात अर्थ नव्हता.

खोट एकच, बांध लांब होतो. (१, १) पासून (६.५, ५.५) पर्यंत आडवे साडेपाच, उभे साडेचार, अंतर ७.१ चौकोन, म्हणजे सुमारे २३४ फूट. दादांचा बांध त्याच्या निम्मा, ११७ फुटांचा झाला असता. दोन फूट रुंदीचा धरला तर ४६९ चौरस फूट, अर्ध्या गुंठ्याला थोडं कमी, बांधातच जातं. वहिनी म्हणाल्या, त्यावर तूर टोकू.

रविवारी खुणा केल्या. डीपी-बाभळ कडेवर टेपनं साडेसोळा आणि शंभर, म्हणजे ११६.५ फुटांवर खुंटी ठोकली. मग पाटाकडून दुसऱ्या वाटेनं तपासलं, २१४.५ फूट कडेनं आणि १८१.५ फूट आत. दोन्ही खुंट्यांत वीतभर फरक आला. तिथं दगड रोवला.

ज्यांचं रान चौकोनी पण वाकडं आहे त्यांनी मधे तिरकी रेघ मारून दोन त्रिकोण करावेत. ओढ्याच्या काठची वाकडी कड असेल तर ही रीत ढोबळच उत्तर देते. आणि हे सगळं घरातल्या समजुतीसाठी. कागदोपत्री हद्द हवी असेल तर सरकारी मोजणीच लागते.

कोणती बाजू कुणाची, हे मी दादांवर सोडलं, कारण रेघ आम्ही मारली होती. त्यांनी बाभळीकडची घेतली. डीपीकडच्या कोपऱ्यात पाणी साचतं हे त्यांना माहीत आहे, आणि मलाही. वाफसा आला की आधी तिथं चर काढायचा आहे, मग हरभरा.